हातचा एक: कुठल्याच चौकटीत न मावणाऱ्या संख्यांची बेरीज

काही वर्षांपूर्वी एका कामात मला दोन वेगळ्या नोंदी स्क्रीनवर एकाच क्रमांकाने दिसायला लागल्या. डेटाबेसमध्ये एकीचा क्रमांक `9007199254740992` होता आणि दुसरीचा `9007199254740993`. ब्राउझरमध्ये मात्र दोन्हीकडे शेवटी `2`. अर्धा दिवस मी क्वेरी तपासत बसलो, आणि क्वेरीत काहीच चूक नव्हती. चूक एवढीच होती की सोळा अंकी क्रमांक मजकूर म्हणून न येता संख्या म्हणून येत होता.

जावास्क्रिप्टमधली साधी संख्या ही दशांश अपूर्णांकही पेलू शकणारी ६४ बिटांची पेटी असते. त्यातले प्रत्यक्ष अंक धरून ठेवायला ५३ बिट मिळतात. त्यामुळे `9007199254740991` पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या तिला नेमकी सांगता येते. त्यापुढे ती एक सोडून एक संख्या ओळखते, अजून पुढे चारातली एक, मग आठातली एक. तुम्ही दिलेली संख्या तिच्या यादीत नसेल तर ती शेजारची उचलते आणि काहीच बोलत नाही. `...993` चं `...992` झालं ते असं.

पूर्णांकांसाठी राखलेली ६४ बिटांची पेटी थोडी पुढे जाते, `9223372036854775807` पर्यंत. एकोणीस अंक. खूप वाटतात, पण १, १, २, ३, ५, ८ अशी मागच्या दोघांची बेरीज करत जाणारी फिबोनाची मालिका घेतली, तर तिची ९२वी संख्या या पेटीत बसते आणि ९३वी बसत नाही. जावात ही बेरीज `long` मध्ये केली तर उत्तर येतं `-6246583658587674878`. दोन धन संख्या मिळवल्या आणि उत्तर ऋण! जावास्क्रिप्ट तेवढी वाईट वागत नाही, ती `12200160415121877000` दाखवते. माझ्या मते हे जास्त धोक्याचं आहे. ऋण उत्तर निदान डोळ्यात खुपतं, हे शेवटी शून्यं लावून साळसूदपणे उभं राहतं.

मोठी पेटी शोधत बसण्यात अर्थ नाही, कारण कुठल्याही ठरावीक मापाच्या पेटीला टोक असतंच. मजकुराला तसं टोक नाही. हजार अंकांची संख्या म्हणजे हजार अक्षरांची स्ट्रिंग. आणि ती मिळवायची कशी, हे आपण तिसरीत शिकलेलो आहोत: एकाखाली एक मांडायचं, उजवीकडून सुरू करायचं, दहा झाले की हातचा एक.

तरी एक अडचण लगेच येते. स्ट्रिंगमधला `'7'` हा सात नव्हे, ते सातचं चित्र आहे. जावास्क्रिप्टमध्ये `"7" + "8"` केलं की `78` येतं, कारण तिच्या मते तुम्ही दोन मजकूर जोडलेत. सी किंवा जावात `'7' + '8'` केलं तर १११ येतं. कारण तिथे अक्षराच्या जागी त्याचा सांकेतिक क्रमांक धरला जातो: `'7'` चा ५५, `'8'` चा ५६. हे क्रमांक मात्र मुद्दाम ओळीने दिलेले आहेत. `'0'` चा ४८, `'1'` चा ४९, असं करत `'9'` चा ५७. म्हणून अक्षराच्या क्रमांकातून ४८ वजा केले की अंक हातात येतो. एका वेळी एकच अंक बाहेर काढायचा, तेवढ्यापुरती त्याची संख्या करायची, काम झालं की परत मजकुरात ठेवायचा. अख्ख्या संख्येचं रूपांतर कधीच करायचं नाही. सगळी युक्ती इथे आहे.

आता तीच ९३वी संख्या हाताने काढून बघू. ९२वी वर, ९१वी खाली.

```
   7540113804746346429
+  4660046610375530309
----------------------
  12200160415121876738
```

उजवीकडून: ९ आणि ९ अठरा. ८ लिहिला, हातचा १. पुढे २ आणि ० दोन, त्यात हातचा धरून ३, आता हातचा नाही. ४ आणि ३ सात, ६ आणि ० सहा, ४ आणि ३ पुन्हा सात, ३ आणि ५ आठ. मग ६ आणि ५ अकरा, १ लिहिला, हातचा १. ४ आणि ७ आणि हातचा, बारा. ७ आणि ३ आणि हातचा, अकरा. असं सरकत डावीकडच्या शेवटच्या घरात आलो की ७ आणि ४ आणि हातचा १ मिळून बारा होतात. २ लिहिला आणि हातात १ उरला. वर-खाली मिळवायला काहीच नाही, म्हणून तो तसाच पुढे मांडायचा. एकोणीस अंकी दोन संख्या, उत्तर वीस अंकी.

या सगळ्या प्रवासात एका घरातून पुढच्या घरात फक्त एकच गोष्ट जाते, ती म्हणजे हातचा. आणि तो ० किंवा १ च असतो. दोन असूच शकत नाही, कारण सगळ्यात वाईट म्हणजे ९ आणि ९ आणि आधीचा हातचा १, एकूण १९. वीस कधी होत नाहीत. म्हणून संख्या दहा अंकी असो की दहा हजार अंकी, प्रत्येक पायरीवर लक्षात ठेवायचं ओझं तेवढंच राहतं. उत्तराची लांबीही आधीच कळते: दोघांतल्या मोठ्या संख्येइतकी, फार तर एक अंक जास्त.

उजवीकडूनच का सुरू करायचं, याचंही उत्तर हातच्यातच आहे. `9999` मध्ये `1` मिळवला तर सगळ्यात उजवीकडची खळबळ डावीकडच्या टोकापर्यंत पोचते. डावीकडून निघालो असतो तर पहिला अंक लिहून पुढे गेल्यावर परत मागे येऊन खोडावा लागला असता.

कोडमध्ये हे असं दिसतं:

```javascript
function addStrings(a, b) {
  let i = a.length - 1, j = b.length - 1, carry = 0;
  const out = [];
  while (i >= 0 || j >= 0 || carry > 0) {
    const x = i >= 0 ? a.charCodeAt(i) - 48 : 0;
    const y = j >= 0 ? b.charCodeAt(j) - 48 : 0;
    const sum = x + y + carry;
    out.push(sum % 10);
    carry = sum >= 10 ? 1 : 0;
    i--; j--;
  }
  return out.reverse().join("");
}
```

`i` आणि `j` ही दोन बोटं. प्रत्येक बोट आपापल्या संख्येच्या शेवटच्या अंकावर ठेवलेलं आहे आणि एकेक घर डावीकडे सरकतं. एखादी संख्या आधी संपली तर तिच्या जागी ० धरायचा. कागदावर आपण मोकळी जागा सोडतो, इथे ती शून्याने भरली, एवढाच फरक.

यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ `while` ची. तिच्यात तीन अटी आहेत: पहिली संख्या संपलेली नाही, किंवा दुसरी संपलेली नाही, किंवा हातचा शिल्लक आहे. यातली कुठलीही एक खरी असेल तोवर चालत राहायचं. नव्याने लिहिणाऱ्यांच्या बहुतेक चुका मी या अटींपाशीच पाहिल्या आहेत. गंमत म्हणजे प्रत्येक चुकीचा ठसा वेगळा उमटतो, म्हणून मी नेहमी एकच छोटं उदाहरण घेऊन बसतो: `9987` आणि `25`. बरोबर उत्तर `10012`.

उत्तर `0012` आलं, तर समजायचं की शेवटचा हातचा हरवला. चारही घरं नीट झाली, पण दोन्ही संख्या संपताच लूप थांबला आणि हातातला १ हातातच राहिला. म्हणजे `carry > 0` ही अट नाही. उत्तर `9912` आलं, तर लहान संख्या संपल्यावर मोठीचे उरलेले अंक हातचा न धरता जसेच्या तसे उतरवले. नुसतं `12` आलं, तर हातच्याची अट तर नाहीच, शिवाय पहिल्या दोन अटींमध्ये ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ पडलं आहे आणि लहान संख्या संपताच सगळं आटोपलं. आणि `12487` आलं, तर संख्या डावीकडून एकाखाली एक लावल्या गेल्या: २५ हे २५ न राहता २५०० झाले. दोन्ही संख्या सारख्या लांबीच्या घेऊन चाचणी केली असती तर यातल्या शेवटच्या तीन चुका दिसल्याही नसत्या.

छोट्या उदाहरणात बरोबर उत्तर आपल्याला ठाऊक असतं. दोनशे अंकी बेरीज बरोबर आली की नाही हे कसं ताडायचं? त्यासाठी एक जुनी, सोपी कसोटी आहे. दोन्ही संख्यांतले सगळे अंक मिळवा. उत्तरातले सगळे अंक मिळवा. या दोन बेरजांमधला फरक नवाच्या पटीत असायलाच हवा, आणि नेमका किती, तर जितक्या वेळा हातचा आला तितके नऊ. कारण हातचा येतो तेव्हा आपण या घरातले दहा काढून घेतो आणि पुढच्या घरात एक ठेवतो. अंकांच्या बेरजेतून दरवेळी नऊ कमी होतात, दुसरं काहीही बदलत नाही.

वरच्या उदाहरणावर लावून बघा. ९२व्या संख्येच्या अंकांची बेरीज ७८, ९१वीची ६८, मिळून १४६. उत्तराच्या अंकांची बेरीज ६५. फरक ८१, म्हणजे नऊ नव्वे. वर परत जाऊन हातचे मोजले तर ते बरोबर नऊच भरतात: उजवीकडून पहिल्या, सातव्या, आठव्या, नवव्या, बाराव्या, तेराव्या आणि शेवटच्या तीन घरांत.

चुकीच्या उत्तरांवरही ही कसोटी चालते. `9987` आणि `25` चे अंक मिळून ४० होतात. `0012` चे ३, फरक ३७, नवाने भाग जात नाही. `9912` चे २१, फरक १९, इथेही जात नाही. `12` सुद्धा पकडलं जातं. पण `12487` कडे पाहा: अंकांची बेरीज २२, फरक १८, नवाने सुरेख भाग जातो! संख्या दोन घरं सरकली तरी तिच्या अंकांची बेरीज बदलत नाही, म्हणून ही चूक कसोटीच्या जाळीतून निसटते. तिच्यासाठी नुसता शेवटचा अंक बघायचा. ७ आणि ५ मिळवले की शेवटी २ च यायला हवेत, आणि इथे ७ आहेत. मी या दोन्ही गोष्टी एकत्रच तपासतो.

आता आत येणाऱ्या मालाबद्दल. वरचा कोड असं धरून चालतो की स्ट्रिंगमध्ये `0` ते `9` शिवाय काहीही नाही. माणसं मात्र संख्या लिहिताना स्वल्पविराम देतात. `"1,000"` मध्ये `"1"` मिळवायला सांगा, उत्तर येईल `1-4001`. कारण स्वल्पविरामाचा क्रमांक ४४, त्यातून ४८ गेले की उणे ४, आणि कोड ते उणे ४ इमानेइतबारे उत्तरात ठेवतो. मराठी कीबोर्डवरून कुणी `"५"` टाकलं तर आणखीच मजा. देवनागरी पाचाचा सांकेतिक क्रमांक २४११ आहे. त्यातून ४८ वजा केले की २३६३. त्यात `"1"` मिळवला की २३६४, त्यातला ४ लिहिला, हातचा १, आणि पाच अधिक एक बरोबर `14`! कुठेही एरर नाही. म्हणून बेरजेला हात घालण्याआधी प्रत्येक अक्षर ४८ ते ५७ मध्येच आहे ना, हे पाहून घ्यावं आणि नसेल तर तिथेच स्पष्ट नकार द्यावा. आपल्याला देवनागरी अंक चालवायचेच असतील तर आधी ते `0`-`9` मध्ये उतरवून घ्यावेत, तेही सुरुवातीलाच.

सुरुवातीची शून्यंही काढून टाकावीत. `"000"` आणि `"0"` मिळवले की हा कोड `000` देतो. किंमत बरोबर आहे, पण पुढे कुणी हे उत्तर `"0"` शी मजकूर म्हणून ताडून पाहिलं तर दोन्ही वेगळे ठरतील. काढताना सगळीच शून्यं काढून रिकामी स्ट्रिंग हाती यायची नाही, निदान एक ठेवायचं. ऋण संख्या आल्या की हे प्रकरण वजाबाकीचं होतं. त्यात कोण मोठं हे आधी ठरवावं लागतं आणि हातच्याऐवजी उसना घ्यावा लागतो. तो वेगळा विषय आहे.

कोडमध्ये उत्तर उलटं गोळा करून शेवटी `reverse` केलं आहे. अंक तर उजवीकडून मिळतात, मग प्रत्येक नवा अंक थेट स्ट्रिंगच्या पुढे का चिकटवू नये? जावासारख्या भाषेत एकदा बनलेली स्ट्रिंग बदलता येत नाही. पुढे एक अक्षर लावायचं तर आख्खी स्ट्रिंग नव्याने उतरवून काढावी लागते. दहा हजार अंकी बेरजेत पहिल्यांदा एक अक्षर, मग दोन, मग तीन, असं करत सुमारे पाच कोटी अक्षरं उतरवली जातात. बेरजेच्या पायऱ्या मात्र दहा हजारच. बेरीज सरळ रेषेत वाढते आणि चिकटवणं वर्गाच्या पटीत. शंभर अंकांवर हे कळतही नाही, म्हणूनच ही चूक बरेच दिवस तशीच राहते.

वेग आणखी वाढवायचा असेल तर एकेका अंकाऐवजी नऊ-नऊ अंकांचे तुकडे करायचे. नऊच का? नऊ अंकी दोन मोठ्यात मोठे तुकडे आणि हातचा मिळून `1999999999` होतात, आणि ३२ बिटांच्या पेटीची मर्यादा `2147483647` आहे. म्हणजे बसतं. दहा अंकांचा तुकडा बसत नाही. बाकी सगळं तेच: दहाच्या जागी शंभर कोटी झाले की हातचा एक, आणि इथेही हातचा एकापेक्षा मोठा होत नाही.

तुकड्यांचा सापळा मात्र वेगळा आहे, आणि मी त्यात पडलेलो आहे. `5000000007` आणि `5000000005` घ्या. उजवीकडचे तुकडे ७ आणि ५, बेरीज १२. डावीकडचे ५ आणि ५, बेरीज १०. आता उत्तर छापताना `10` पुढे `12` लावले की `1012` होतं. खरं उत्तर `10000000012`. बारा हा तुकडा नऊ घरं व्यापतो, म्हणून तो `000000012` असाच छापायला हवा. फक्त सगळ्यात डावीकडच्या तुकड्याला ही शून्यं लावायची नाहीत. ही चूक फसवी आहे, कारण तुकडा शून्याने सुरू झाला तरच ती दिसते, आणि यादृच्छिक अंक घेऊन चाचण्या केल्या तर तसा तुकडा सरासरी दहातून एकदाच येतो. चाचणीत लांबलचक शून्यांची संख्या मुद्दाम घालावी लागते.

रोजच्या कामात हे सगळं हाताने लिहायची वेळ क्वचित येते. जावात `BigInteger` आहे, जावास्क्रिप्टमध्ये `BigInt`, पायथनचा साधा `int` तर कितीही वाढतो, आणि माझ्या त्या दोन नोंदींचं काम क्रमांक स्ट्रिंग म्हणून पाठवल्यावर मिटलं. पण पायथनमध्येही एक दार बंद आहे. ३.११ आवृत्तीपासून ४३०० पेक्षा जास्त अंकांची दशमान स्ट्रिंग `int()` ला दिली की तो `ValueError` देतो. कारण पायथन आतून संख्या दशमानात ठेवत नाही. दहाच्या पायातून दोनाच्या पायात नेण्याची त्याची तेव्हाची पद्धत अंक वाढतील तशी वर्गाच्या पटीत महाग होत होती, आणि कुणी मुद्दाम लाखो अंकांची स्ट्रिंग पाठवून सर्व्हर गुंतवून ठेवू नये म्हणून ही मर्यादा घातली आहे. `sys.set_int_max_str_digits` ने ती वाढवता येते. स्ट्रिंगवरच्या आपल्या बेरजेला मात्र ती आड येत नाही. अंक दशमानात आले, दशमानातच मिळवले गेले आणि दशमानातच बाहेर पडले, त्यामुळे पाच हजार अंकांना पाच हजार पायऱ्या, आणि हातचा उरलाच तर एक जास्त.